मास्तरांची तारीख

उद्या एक जून. पन्नाशी ओलांडलेल्या मराठी माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर उद्या पहाटेपासून केक, फुगे आणि गुलाबांची रांग लागेल, कारण त्या ग्रुपांतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस उद्या आहे. निदान कागदोपत्री तरी. जन्म घरीच, सुईणीच्या हातून झालेला. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, पण वाडीवस्तीवरून ती नोंद करायला जाणार कोण आणि कशासाठी? पोराला शाळेत नेले की मास्तर त्याला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. बोटे कानाला टेकली की पोरगे सहा वर्षांचे झाले असे धरायचे, आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते म्हणून जन्मतारीख एक जून लिहून मोकळे व्हायचे. भावाभावांची तारीख एक, साल वेगळे. कित्येक घरांत नवराबायकोचीही तारीख एकच. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे आज, 31 मे रोजी, राज्यभरातल्या कचेऱ्यांत शाल-श्रीफळांचाही हंगाम आहे.

या तारखेवर विनोद पुष्कळ झाले आहेत आणि ते करणाऱ्यांत एक जूनवालेच पुढे असतात. आज आम्हाला लिहायचे आहे ते त्या गर्दीतल्या एखाद्याच माणसाविषयी, ज्याला हा दिवस कधीच आवडला नाही आणि या वर्षी तर तो सोसवणारही नाही. असा मित्र अनेकांना असतो. त्याला उद्या काय लिहायचे, की काहीच लिहायचे नाही, हा प्रश्न छोटा वाटतो. पण त्यात अडखळून माणसे एक तर फुग्यांचे चित्र पाठवतात किंवा गप्प बसतात, आणि दोन्ही त्या माणसाला लागते.

बोलणे मोघम राहू नये म्हणून एक मित्र डोळ्यांसमोर धरू. मराठवाड्यातल्या खेड्यातला, 1972 च्या दुष्काळात जन्मलेला. शाळेच्या दाखल्यावर 1 जून 1972. पण आईचा हिशोब वेगळा होता. पोळा झाला, पाऊस नव्हताच, बैलांना घालायला वैरण नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी हा झाला. जुने पंचांग उघडले तर त्या वर्षीचा पोळा सप्टेंबरचा पहिला आठवडा संपता संपता येतो. म्हणजे मास्तरांनी त्याला तीन महिने आधीच जन्माला घातले. आई ते कधी मान्य करायची नाही. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्याला पाटावर बसवायची, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी आणि अक्षता घेऊन ओवाळायची आणि आदल्या दिवशीच्या पुरणाची पोळी तव्यावर गरम करून वाढायची. पुढे तो शहरात आला, नोकरीला लागला, तेव्हा त्या दिवशी फोन यायचा. एक जूनला ती काहीही म्हणायची नाही.

ही आई गेल्या कार्तिकात गेली. त्यानंतर नोकरीतही काही बिनसले. हल्ली मित्र फोन उचलत नाही, ग्रुपवर वाचतो पण बोलत नाही. उद्या त्याच्या नावाने शुभेच्छांचा पाऊस पडेल तो मास्तरांच्या तारखेला. खरी तारीख पाळणारे एकमेव माणूस आता नाही.

वाढदिवस नको म्हणणाऱ्यांना लोक विक्षिप्त समजतात, फार तर लाजाळू. आमच्या पाहण्यात ही माणसे आठवण ठेवण्याला विरोध करत नाहीत, ती कंटाळतात दिवसभराच्या कामाला. प्रत्येक शुभेच्छेला आभार, प्रत्येक ‘पार्टी कधी?’ला हसरा चेहरा, कचेरीत केकसमोर उभे राहून टाळ्या संपेपर्यंत हात कुठे ठेवावे ते न कळणे. बरे चालले असते तेव्हा माणूस हे निभावून नेतो. मन खचलेले असते तेव्हा ‘थँक्यू’ एवढे टाइप करायलाही अंगात बळ लागते, आणि साठ जणांना ते करायचे राहिले की त्याची वेगळी टोचणी लागते. भरीला वाढदिवस वर्षाचा हिशोब मागतो. काय केलेस, कुठे पोचलास, हे कोणी विचारत नसले तरी त्या दिवशी माणूस स्वतःला विचारतोच.

अशा वेळी काय करावे, हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे, फक्त आपण ते वाढदिवसाला लावत नाही. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलेले असते तिथे दिवाळीला कढई चढत नाही. पण म्हणून त्या घरची मुले फराळावाचून राहत नाहीत. शेजारणी, नणंदा, मावश्या डबे घेऊन जातात. दारात उभे राहून कोणी ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ म्हणत नाही. ‘एवढं असू दे’ म्हणतात, डबा ओट्यावर ठेवतात, दोन मिनिटे टेकतात आणि निघतात. सण त्या घरावर लादला जात नाही आणि त्या घराला सणाबाहेरही टाकले जात नाही. मित्राला उद्याचा मजकूर लिहिताना हा डबा समोर ठेवावा. त्यात खायला काही तरी असावे, आणि घेणाऱ्याला काही करावे लागू नये.

आता प्रत्यक्ष मजकूर. पहिला खर्डा बहुतेकांच्या हातून असा उतरतो: ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा मित्रा! हे वर्ष तुला सुखाचं, भरभराटीचं जावो. आई वरून बघत असेल, तिला तू हसताना दिसायला हवास. सगळं नीट होईल, पॉझिटिव्ह राहा. काही लागलं तर हक्कानं सांग. आणि पार्टी विसरू नकोस!’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहा. ज्याला येता आठवडा कसा काढायचा ते कळत नाही, त्याच्यापुढे भरभराटीचे वर्ष ठेवले. आईला मध्ये घालून हसण्याची सक्ती केली. सगळे नीट होईल, हे कोणत्या आधारावर? ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य सर्वांत उदार वाटते आणि सर्वांत निरुपयोगी असते, कारण काय लागते ते शोधून, शब्दांत मांडून, मागण्याचे काम ते पुन्हा त्याच्यावरच टाकते. शेवटी पार्टीचे आहेच.

यातून काय काढायचे ते उघड आहे. ठेवायचे काय, ते ठरवणे जास्त अवघड. आमच्या मते सात-आठ छोट्या वाक्यांचा ऐवज पुरतो, आणि तो उद्या पाठवण्यापेक्षा आज संध्याकाळी पाठवलेला बरा. रात्री बाराच्या ठोक्याला तर मुळीच नको. मन खचलेल्या माणसाची झोप आधीच उडालेली असते, लागली असेल तर ती मोडण्याइतका आपला मजकूर मोठा नाही. आज सातच्या सुमारास, ग्रुपवर नव्हे, त्याच्या एकट्याच्या नावावर. आदल्या संध्याकाळी पाठवण्याचा खरा फायदा असा की उद्याच्या दिवसाची परवानगी त्याला आजच मिळते. आवाजी संदेशही टाळावा. तो ऐकायला फोन कानाला लावावा लागतो, बटण दाबावे लागते, आणि पलीकडच्या आवाजातली काळजी झेलावी लागते. लिहिलेले एका नजरेत वाचून बाजूला ठेवता येते आणि हवे तेव्हा पुन्हा काढता येते.

तर दुसरा खर्डा असा करून पाहू:

‘उद्या एक जून. ग्रुपवर जे चालायचं ते चालू दे, तू तिकडे फिरकलाच नाहीस तरी कोणी काही म्हणणार नाही. कोलाजमध्ये तुझा फोटो टाकू नका म्हणून सांगितलंय. आज काकूंची आठवण आली. मी घरी आलो की आधी हातपाय धुवायला लावायच्या आणि मग विचारायच्या, या मास्तरच्या पोराला भूक लागली का. याला उत्तर नको. रविवारी सकाळी दहाला तुझ्या गल्लीत दळण टाकायला येणार आहे, खालून हाक मारीन. आलास तर चहा पिऊ, नाही आलास तर दळण घेऊन जातो.’

यात शुभेच्छा हा शब्द नाही, वय नाही, पुढचे वर्ष नाही. दिवसाचा उल्लेख आहे, पण एका वाक्यापुरता. तो अजिबात केला नाही तर ‘विसरला’ आणि ‘मुद्दाम टाळले’ यांतला फरक त्याला कळायचा कसा? कोलाजचे काम आधी करून मग कळवले आहे, विचारून नाही. वर्गमित्रांच्या ग्रुपचा ॲडमिन एक जूनला सगळ्यांचे चेहरे चिकटवून चित्र करतो, त्याला आजच फोन करावा लागतो. तिथेही जपून. ‘त्याला आवडत नाही’ एवढे कारण पुरेसे आहे. ‘तो हल्ली डिप्रेशनमध्ये आहे रे’ असे सांगितले की उद्या त्याच्या फोनवर फुग्यांऐवजी सल्ले येतील.

आईचा उल्लेख करावा की नाही, यावर लोक फार विचार करतात. आठवण करून दिली तर दुखेल, म्हणून तिचे नाव टाळतात. पण ज्याची आई गेली आहे त्याला ती विसरलेली नसते. आपण नाव घेतल्याने नवीन काही दुखत नाही. उलट काही महिने उलटले की तिचे नाव घेणारी माणसे झपाट्याने कमी होतात आणि तेच अधिक लागते. फक्त उल्लेख सांत्वनाचा नको, पाहिलेल्या गोष्टीचा हवा. ‘फार थोर माऊली’ यात काही हाती लागत नाही. हातपाय धुवायला लावणारी, मास्तरच्या पोराची थट्टा करणारी बाई दिसते, आणि ती दुसऱ्या कुणाला तरी आठवते हे कळते. आपल्याजवळ अशी आठवण नसेल तर ते वाक्य गाळावे, रचू नये.

‘याला उत्तर नको’ हे लिहायला सोपे आणि पाळायला कठीण. दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही, आणि लिहिणाऱ्याचा जीव वरखाली होतो. मग रात्री ‘वाचलंस ना?’ असे जाते आणि दिलेली सूट परत घेतली जाते. काळजी वाटत असेल तर ती शमवण्याची सोय आपली आपण करावी. रविवारची हाक त्यासाठीच आहे. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, कारण आपले. त्याने काही ठरवायचे नाही, आणि तरीही त्या दिवशी तो डोळ्यांना दिसण्याची शक्यता आहे. दळणाऐवजी औषधे आणायची असतील, गाडीत हवा भरायची असेल, काहीही चालेल. कारण खरे असावे एवढेच. खोटे कारण काळजीवाहू वाटते आणि ते लगेच ओळखू येते.

इतके करून हे त्याला नकोच असले तर, अशी शंका राहतेच. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये अमेरिकेत या शंकेचा माग काढला. जवळपास सहा हजार माणसांवरच्या प्रयोगांत त्यांना दिसले की आपण सहज केलेली विचारपूस समोरच्याला किती आवडेल, याचा अंदाज पाठवणारे सतत कमी बांधतात. जितकी ती अनपेक्षित, तितकी जास्त आवडते, आणि हेच पाठवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. ते प्रयोग मन खचलेल्या माणसांवरचे नव्हते, त्यामुळे त्यांतून फार ओढूनताणून काही काढू नये. पण ‘उगाच त्रास नको’ म्हणून गप्प बसणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही. आणखी एक गोष्ट त्यातून सुचते. उद्याच्या ढिगात आपला मजकूर कितीही चांगला असला तरी साठातला एक असणार. आजचा किंवा बारा जूनचा एकटा असतो.

इथे थोडे वेगळे बोलावे लागते. दुःख आणि आजार यांच्यामध्ये रेघ स्पष्ट नसते, पण काही खुणा असतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, आंघोळ-दाढीसारख्या गोष्टीही राहून जातात, असे असेल तर ते ‘या वर्षी जरा खचलाय’ याच्या पलीकडचे आहे आणि त्याला डॉक्टरकडे नेणे हे काम आहे. ‘माझं काय, मी असलो काय नसलो काय’ असे बोलणे, कागदपत्रे अचानक लावून ठेवणे, जपलेल्या वस्तू देऊन टाकणे, बरेच दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत होणे, यांपैकी काही दिसले तर संदेश लिहीत बसू नये. उठून जावे आणि सरळ विचारावे, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर पुष्कळदा माणूस पहिल्यांदा मोकळा बोलतो. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना सोबतीला घ्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आहे, तिथे मराठीत बोलता येते आणि मित्राच्या वतीने आपणही फोन करू शकतो. क्रमांक नुसता पाठवून देऊ नये. शेजारी बसून लावून द्यावा.

बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इतक्यावर जात नाही. रविवारी हाक मारल्यावर मित्र खाली येईल, चहा पिईल, पावसाविषयी बोलेल आणि एक जूनचा विषयही काढणार नाही. किंवा येणार नाही, खिडकीतून हात हलवेल. तेवढ्याने काम झाले असे समजून पुढच्या महिन्यात पुन्हा दळण टाकायला जावे.

उरते ती दुसरी तारीख. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजायचा, तो या वर्षी वाजणार नाही, आणि हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नसेल. शाळेच्या दाखल्यात ती नाही, फेसबुकवर ती नाही, त्यामुळे तिची आठवण करून देणारी घंटी कोणत्याही यंत्रात वाजणार नाही. ती तिथीने येते, दरवर्षी वेगळ्या तारखेला. म्हणून आजच कॅलेंडर काढून श्रावण अमावास्या शोधावी आणि दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने खूण करावी. मात्र त्या दिवशी आईची जागा घ्यायला जाऊ नये. निरांजन-तबक घेऊन मित्राच्या बायकोने किंवा बहिणीने ओवाळायचे की नाही, ते त्यांचे त्या पाहतील. मित्राने तर ते योजूच नये. वर्ष संपलेले नसल्याने त्या घरी पुरणही शिजणार नाही. म्हणजे पुन्हा दिवाळीच्या डब्याचीच रीत आली. आपल्या घरच्या पोळ्यातल्या चार पोळ्या दुसऱ्या दिवशी नेऊन द्याव्यात, कसल्या ते बोलू नये. त्याला कळते.

आणि त्या स्टीलच्या डब्यात नेऊ नयेत. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. साखर, चार फळे, काही तरी घालूनच तो जातो. जो माणूस सध्या स्वतःसाठी चहा ठेवायचा कंटाळा करतो, त्याच्या ओट्यावर आपला डबा महिनाभर घासून पालथा पडून राहील आणि येता-जाता त्याला देणे लागतो असे सांगत राहील. पोळ्या केळीच्या पानात गुंडाळाव्यात, वरून वर्तमानपत्र. तूप वेगळे, एखाद्या जुन्या लोणच्याच्या बरणीत, जी परत आली काय नि न आली काय.